भट्टीतून माल काढताना बाई कोसळली. आमचं नेमकं कुठं चुकलं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात नदीकाठाला आमची वीटभट्टी आहे. वडिलांनी बरीच वर्षं चालवली, गेली तीन वर्षं मी बघतो. दिवाळीनंतर जत आणि विजापूर भागातून नवरा-बायको मजुरांच्या जोड्या येतात, पावसाच्या तोंडाला परत जातात.

गेल्या गुरुवारी पन्नास हजार विटांच्या भट्टीतून पक्का माल काढायला सुरुवात केली. आग विझून सातवा दिवस होता. सकाळी सातला काम सुरू झालं. साडेअकराच्या सुमारास डोक्यावरून विटा वाहणारी एक बाई, वय पस्तीसच्या आसपास, काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. "माझी पोरगी कुठं ठेवली" असं दोनतीनदा म्हणाली. पोरगी समोर बसली होती. मग पाटी टाकून खालीच बसली आणि आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. आम्ही तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला, मग जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पोचायला चाळीस मिनिटं लागली. दोन रात्री ठेवून घेतली. आता बरी आहे, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झापलं की चाळीस मिनिटं तिला तशीच तापलेली का आणली.

माझ्याकडं अजून दोन भट्ट्या उघडायच्या आहेत आणि एप्रिल अर्धा बाकी आहे. भट्टीवर काम केलेल्या, चालवलेल्या माणसांनी सांगावं. नेमकं काय बदलू?

वाळवेकर_आप्पा

बाई वाचली हे चांगलं झालं. माझी चाळीस वर्षं ह्याच धंद्यात गेली, म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, सातला सुरुवात म्हणजे फार उशीर. एप्रिलात आमच्याकडं पहाटे चारला दिवा लावून माल काढतात आणि दहाच्या आत हात धुतात. दुसरी गोष्ट, भट्टी गरम वाटली तर आदल्या रात्री टँकरनं वरनं पाणी मारायचं. सकाळपर्यंत गार. आणि कांदा लावला ते बरोबरच केलं.

द्राक्षबाग_तासगाव

माझाही भट्टीचाच प्रश्न आहे म्हणून इथंच विचारतो. शेजारच्या रानात भट्टी लागते. धूर माझ्या बागेवर येतो, पानांवर काळी धूळ बसते, घडांवर डाग दिसतात. भट्टी किती लांब असली पाहिजे? तक्रार कुठं करायची?

निवृत्त_सुरक्षा

तासगावकर, तुमचा प्रश्न खरा आहे, पण वेगळा आहे. तहसीलदारांकडं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत तारीख घातलेले फोटो आणि त्या दिवशी वारा कुठून होता याची नोंद जोडा. वेगळा धागा काढलात तर मी तिथं सविस्तर लिहीन.

आता मूळ विषय. मिरजेकडच्या फौंड्र्यांत माझी सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. भट्टी निराळी, पण तापलेल्या वस्तूसमोर उभं राहून ओझं उचलणारं शरीर तेच.

आधी आप्पांचं. पहाटेची सुरुवात शंभर टक्के बरोबर. पाणी मात्र मारू नका. वरची वीट गार झाली म्हणून गाभा गार झालेला नसतो. आत कोळशाची चुरी अजून लाल असेल तर पाण्याची वाफ उसळून माणूस भाजतो. शिवाय लाल कोळशावर वाफ गेली की विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. तुमच्या विटाही तडकतात, ते नुकसान वेगळंच.

कृष्णाकाठ, चार गोष्टी सांगा म्हणजे नेमकं बोलता येईल. भट्टी गार झाली हे कशावरून ठरवलं? कुठल्या बाजूनं उघडली? त्या बाईनं आदल्या आठवड्यात काय काम केलं होतं? आणि ती एका खेपेला किती विटा नेत होती?

कृष्णाकाठ

बाहेरच्या विटेला हात लावून बघितलं, कोमट होती. उघडली पूर्वेकडनं, कारण ट्रॉली तिकडं लागते. बाई दहा दिवस गावाकडं जत्रेला गेली होती, बुधवारी संध्याकाळी आली आणि गुरुवारी सकाळी कामाला लागली. एका खेपेला बारा विटा. आमची वीट भाजल्यावर तीन किलोची भरते.

निवृत्त_सुरक्षा

उत्तर बरंचसं तुमच्याच चार ओळींत आहे.

भट्टी बाहेरून आत निवते. लिंपणाजवळच्या दोनतीन थरांना रात्रीचा वारा लागतो, तिथं सातव्या दिवशी वीट कोमट लागणारच. गाभ्यातली उष्णता कोंडलेली राहते. तुम्ही बाहेरचे थर काढता तसतसा तो गाभा माणसासमोर उघडा पडत जातो. म्हणजे सकाळी सातला काम सोपं वाटतं आणि अकराला, डोक्यावर ऊन आल्यावर, समोरची भिंत सगळ्यात जास्त तापलेली असते. बाई नेमकी त्या वेळी कोसळली.

म्हणून परीक्षा गाभ्याची घ्यायची. लांब लोखंडी सळई विटांच्या फटीतून हात-दीड हात आत, जमलं तर त्याहून खोल सरकवा. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. बाहेर काढून आतलं टोक उघड्या हातात धरता येतंय का बघा, आधी बोटाच्या टोकानं शिवून. धरून पाच आकडे मोजता आले नाहीत तर भट्टी तयार नाही. हे तीनचार ठिकाणी करा, मधल्या उंचीवर नक्की. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तरी तो फक्त वरचा पृष्ठभाग सांगतो, त्याच्यावर विसंबू नका.

लवकर निवावी असं वाटत असेल तर चारी बाजूंचं लिंपण आधी काढा, वरचा राखेचा थर मोकळा करा आणि दोन रात्री तशीच सोडा. वारा आरपार जाऊ लागतो. पाण्यानं जे साधत नाही ते दोन रात्रींचा वारा साधतो.

आता बाजू. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. तुम्ही पूर्वेनं उघडली, म्हणजे वारा तापलेल्या विटांवरून येऊन थेट माणसांच्या अंगावर आला आणि राखही सोबत घेऊन आला. पश्चिमेनं उघडली असती तर वारा पाठीवर राहिला असता. तो अंग निववतो, आणि धूळ पलीकडं जाते. आणि उघडताना उभी भिंत पाडू नका. वरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत या. उभ्या भिंतीची धग छातीवर आणि तोंडावर येते, शिवाय खालच्या विटा ओढल्या तर वरचा डोलारा अंगावर येतो.

जत्रेचं सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात काम करणारं शरीर आठवडा-दोन आठवड्यांत उन्हाला सरावतं. घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं, नाडी कमी धावते. पण आठदहा दिवस काम सुटलं की हा सराव बराचसा जातो. बाई जुनी आहे, सवयीची आहे, असं आपण म्हणतो. पण तिचं शरीर त्या गुरुवारी निम्मं नवखं झालेलं होतं. परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मंच काम द्या आणि तीनचार दिवसांत पूर्णावर आणा. अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, मग रोज तेवढाच वाढवा. आणि ते दिवस माल काढण्यावर नकोत. सावलीतली थापणी, कच्च्या विटा फिरवणं, असं काही द्या.

सिस्टर_कराड

मी उपकेंद्रात काम करते, आमच्या हद्दीत सहा भट्ट्या आहेत. कृष्णाकाठ दादा, तुम्ही लिहिलेलं "पोरगी कुठं ठेवली" हे वाक्य वाचून पोटात धस्स झालं. अंग तापलेलं आणि बोलणं बिघडलेलं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तो उष्माघात समजायचा. घाम आलेला असो वा नसो. बऱ्याच जणांना वाटतं घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. काम करता करता जो उष्माघात होतो त्यात माणूस घामानं निथळत असतो.

डॉक्टर रागावले ते यासाठी, की आधी अंग गार करायचं आणि मग हलवायचं. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा. बादल्याच्या बादल्या. तोंडावर शिंपडून काही होत नाही. साडी भिजवा, सोबत पुठ्ठ्यानं, टॉवेलनं जोरात वारा घाला. भट्टीवर विटा भिजवायचा हौद असेल तर गळ्यापर्यंत त्यात बसवा, डोकं दोघांनी धरून ठेवा. माणूस भानावर नसेल तर तोंडात पाणी, साखर, काही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, हा ताप वेगळा. आणि आप्पा, राग मानू नका, कांद्यानं अंग गार होत नाही. त्या दोन मिनिटांत दोन बादल्या ओतून होतात.

आणखी एक, मूळ प्रश्नात नाही तरी सांगते. पेटत्या भट्टीच्या वर किंवा अगदी कडेला उबेसाठी कुणी झोपतं का बघा. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात भट्टीवर झोपलेले पाच मजूर धुरानं गुदमरून मेले. आमच्याकडं थंडीत मी दरवर्षी हे सांगत फिरते आणि दरवर्षी कुणीतरी सापडतंच.

टोळी_मुकादम

वाचलं सगळं. मी जोड्या आणतो, माझंबी ऐका. मालकानं मागल्या साली मास्क दिले, कुणी घातले न्हाईत. पाण्याचा माठ ठेवलाय, कुणी पीत न्हाई. सावली केली तर तिथं कुणी बसत न्हाई. हजारावर पैसं हायत, जितक्या विटा तितकं पैसं. त्यांनाच घाई असती. वर उचल फेडायची असती. आता निम्मं काम द्या म्हणताय, तर निम्म्या कामावर त्यो माणूस खाणार काय?

जतची_लेक

मुकादम काका, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण त्यामागचं कारण सांगते. माझे आई-वडील अठरा वर्षं भट्टीवर जात होते. सांगली, कराड, सगळीकडं. मी बारावीपर्यंत मावशीकडं राहिले म्हणून शिकले, आता नर्सिंग करते.

आई पाणी का पीत नव्हती ते मला मोठी झाल्यावर कळलं. बायका पहाटे अंधारात जाऊन येतात, ती एकच वेळ. जानेवारीपर्यंत भोवती ऊस उभा असतो, तोवर दिवसाही आडोसा मिळतो. ऊस तुटून गेला की मार्चपासून सगळं रान उघडं. पुरुष माणसं, ट्रॉलीवाले, गिऱ्हाईक येत-जात असतात. मग बायका सकाळपासून पाणी तोडतात. ऊन वाढतं त्याच महिन्यांत पाणी पिणं कमी होतं. तुमचा माठ भरलेला राहतो तो यामुळं. आईला लघवीची जळजळ कायमची होती, शेवटी मुतखड्यापर्यंत गेलं.

म्हणून माठाच्या आधी संडास. लांब नको, खोपींपासून आणि भट्टीपासून चालत दोनतीन मिनिटांवर, दाराला आतून कडी, आत पाणी. बायकांचा वेगळा.

दुसरं, ओझ्याचं. पैसा जोडीवर असतो आणि हिशोब नवऱ्याच्या नावावर. गरोदर बाई, बाळंतीण बाई, पाळी चालू असलेली बाई, कुणी थांबली तर जोडीचा आकडा पडतो आणि घरात भांडण होतं. अंग बाहेर येण्याचा त्रास आमच्या पालांवर किती बायकांना होता ते कुणी मोजलं नाही, कारण कुणी बोलायचंच नाही. आईनं मला सांगितलं ते मी नर्सिंगला गेल्यावर.

निवृत्त_सुरक्षा

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी पाण्याचा आकडा सांगणारच होतो, म्हणजे वीस मिनिटांनी एक पेला, तासाला पाऊण ते एक लिटर, पण संडास नसेल तर तो आकडा बायकांसाठी निरर्थक आहे.

ओझ्याचा हिशोब करून दाखवतो, कृष्णाकाठ. बारा विटा गुणिले तीन किलो म्हणजे छत्तीस किलो. बांधकाम मजुरांच्या केंद्रीय नियमांत प्रौढ बाईनं एकटीनं उचलायच्या ओझ्याची मर्यादा तीस किलो होती. म्हणजे दहा विटा, तेही सपाट जमिनीवर आणि गार हवेत. तापलेल्या भट्टीसमोर मी आठ म्हणेन.

तुमची ट्रॉली दोन हजार विटांची धरू. चौघी भरणाऱ्या. एका खेपेला दहा नेल्या तर दोनशे खेपा, प्रत्येकीच्या वाट्याला पन्नास. पन्नास गुणिले तीस किलो, म्हणजे एका ट्रॉलीमागं एक बाई दीड टन डोक्यावरून नेते. भट्टीपासून ट्रॉली तीस मीटरवर असेल तर येऊन-जाऊन तीन किलोमीटर चालणं, त्यातलं दीड ओझ्यासह. दिवसाला अशा तीन ट्रॉल्या भरल्या तर साडेचार टन आणि नऊ किलोमीटर. आणि या कामानं शरीरात जी उष्णता तयार होते ती उन्हाच्या आणि भट्टीच्या वर आणखी भर घालते. नुसत्या खेपा कमी करून पुरेसं होणार नाही. अंतर कमी करा आणि डोक्यावरचं ओझं चाकावर आणा.

वाळवेकर_आप्पा

कांद्याचं मान्य, पोरी. पाणी मारायचं मी पाच वर्षं करतोय, एकदा एकाचा पाय भाजला होता. ते वाफेनं हे आज कळलं.

पण चाकाचं सांगतो. आम्ही एकचाकी ढकलगाड्या आणल्या होत्या. राखेत चाक रुततं, गाडी कलंडते, बायका म्हणाल्या डोकंच बरं. कोपऱ्यात पडून गंजल्या.

निवृत्त_सुरक्षा

आप्पा, गाड्या बरोबर होत्या, वाट चुकली. राखेवर कुठलंच चाक चालत नाही. भट्टीपासून ट्रॉलीपर्यंत जुन्या फळ्या किंवा सेंट्रिंगचे लोखंडी पत्रे अंथरा, दोन हात रुंद. आणि एकचाकीपेक्षा हवा भरलेल्या दोन टायरांची हातगाडी घ्या, ती तोल मागत नाही. त्यात तीसेक विटा म्हणजे नव्वद किलो, दोघी मिळून सपाटीवर सहज ढकलतात.

चढवण्याचा प्रश्न राहतो, कारण ट्रॉलीचा तळ छातीपर्यंत येतो. ट्रॉली लावायच्या जागी मातीचा उतार खणून ती हात-दीड हात खाली उतरवा, म्हणजे तळ कमरेशी येईल. माती काढण्यासाठी तुमच्याकडं जेसीबी येतोच, अर्ध्या तासाचं काम आहे. पावसाचं पाणी साचू नये म्हणून एका बाजूनं चर ठेवा.

कृष्णाकाठ

हे करता येईल. पण एक अडचण खरी आहे. मी सातव्या दिवशी उघडली ती वळवाच्या भीतीनं. एक जोराचा पाऊस झाला की हजारोंचं नुकसान होतं.

निवृत्त_सुरक्षा

पक्क्या विटेला पावसाचं भय कसलं? भिजते ती कच्ची वीट.

कृष्णाकाठ

बरोबर, पण पुढची भट्टी त्याच जागेवर रचायची असते. कच्चा माल वाळून तयार आहे आणि जागा मोकळी नाही. म्हणून घाई.

निवृत्त_सुरक्षा

मग घाईचं औषध कच्च्या मालावर करा, भट्टीवर नको. ताडपत्री आणि प्लॅस्टिकचा कागद आधीच हाताशी ठेवा, थापींच्या रांगांभोवती चर काढा, आणि पुढच्या हंगामात दुसरी जागा सपाट करून ठेवा म्हणजे दोन भट्ट्या आलटूनपालटून लागतील. आज तुम्ही तीन दिवस वाचवता ते त्या बाईच्या अंगातून काढून.

सिस्टर_कराड

मास्कचं राहिलं. मुकादम दादांचं बरोबर आहे, चाळीस डिग्रीत घामानं भिजलेला मास्क घालून कुणी ओझं वाहू शकत नाही. पण ओढणीनं, पदरानं जाड राख अडते, बारीक अडत नाही, हेही खरं. आपल्याकडं कारखान्याच्या बॉयलरची राख आणि भाताचं तूस मातीत मिसळतात, वर मातीतली वाळू असतेच. त्यातली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. माझ्याकडं एक गृहस्थ आले होते, पंधरा वर्षं भट्टीवर राख चाळलेली. क्षयाची औषधं दोनदा पुरी केली तरी दम कमी होईना. एक्स-रे मोठ्या दवाखान्यात दाखवल्यावर सिलिकोसिसचा संशय लिहून आला. ती धूळ असलेल्या फुप्फुसाला क्षयही लवकर होतो, म्हणून नुसता एक्स-रे बघून गोंधळ होतो. डॉक्टरांना काम काय करता ते आवर्जून सांगा, ते कागदावर लिहून घ्या.

भट्टीवर करायचं ते एवढंच, की गार झालेली राख झाडूनं झाडू नका. थोडी ओली करून फावड्यानं उचला. चाळणं, उचलणं हे वाऱ्याच्या वेळी, पाठ वाऱ्याकडं करून. आणि मास्क द्यायचा तर ह्या राख चाळणाऱ्या दोघातिघांना द्या, चांगला एन-९५, रोज नवीन. सगळ्यांना पातळ मास्क वाटण्यापेक्षा ते उपयोगी.

वाळवेकर_आप्पा

पहाटे वारा पडलेला असतो, सिस्टर. तेव्हा राख जागीच तरंगती.

सिस्टर_कराड

अगदी बरोबर, आप्पा. म्हणून पहाटे विटा काढा आणि वाहा, राखेचं काम आठ-साडेआठला वारा सुटल्यावर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

टोळी_मुकादम

माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं न्हाई. निम्म्या कामाचं पैसं कोण देणार?

जतची_लेक

काका, हाच खरा प्रश्न आहे. हजारावर पैसे असतील तर विश्रांती ही मजुराच्या खिशातून जाते. मग कुणीही बसणार नाही, कितीही सावली करा. माझं म्हणणं, थापणी हजारावर राहू दे, पण माल काढायचे जे आठदहा दिवस असतात ते रोजंदारीवर करा. रोज ठरलेला, पाणी-सुट्टी धरून, आणि बाईचा बाईच्या हातात.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल दुसरी भट्टी मोकळी झाली, म्हणून काय केलं ते सांगतो.

आग विझल्यावर सहाव्या दिवशी लिंपण काढलं. आठव्या दिवशी सळई घातली, आतलं टोक हातात धरवेना. अकराव्या दिवशी पाच मोजता आले. पश्चिमेनं उघडली. ट्रॉली तिकडं नेण्यासाठी बांध फोडून वाट करावी लागली आणि त्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली. पहाटे साडेचारला सुरुवात, साडेनऊला बंद, पुन्हा संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दिवसाला आधी सहा-साडेसहा हजार निघत होत्या, आता साडेचार हजार. म्हणजे भट्टी मोकळी व्हायला तीन दिवस जास्त.

पत्रे अंथरले, हातगाडी एक घेतली. चौघींपैकी तिघी वापरतात. चौथी म्हणते तिला डोक्यावरच सोपं जातं, मी दहाच्या वर विटा देत नाही. ट्रॉलीसाठी उतार खणला, तो बायकांना सगळ्यात आवडला. त्या म्हणाल्या, हात वर करायचं वाचलं.

संडास दोन केले, पत्र्याचे, खड्ड्याचे. एक बायकांचा. जतच्या ताईंना सांगायचंय की तिसऱ्या दिवसापासून माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायला लागला. आता दोन माठ आणि एक कळशीभर ताक, मीठ घातलेलं. भट्टीजवळ दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवलंय, कुणी कोसळलं तर ओतायला, त्यातलं दुसऱ्या कामाला घ्यायचं नाही असं सांगितलंय.

कोसळलेली बाई आता थापणीवर आहे. माल काढायच्या कामाला मी तिला ह्या हंगामात लावणार नाही. ती स्वतः म्हणते लावा, कारण तिथं पैसे जास्त.

रोजंदारीचं अर्धंच जमलं. मालकाच्या बाजूनं मी तयार झालो, पण दोन जोड्या म्हणाल्या आम्हाला हजारावरच द्या, लवकर उचल फेडून गावाला जायचंय. त्यांना मी कसं अडवू? वेळेचं बंधन सगळ्यांना सारखं ठेवलं, पण त्या दोन जोड्या साडेनऊपर्यंत पळतच असतात, पाण्यालाही थांबत नाहीत. दर वाढवून हजारी तशीच ठेवली तर पळणं वाढतं, आणि रोजंदारी सक्तीची केली तर पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या भट्टीवर जातील.

टोळी_मुकादम

त्या दोन जोड्यांची उचल किती राहिली ते मला ठाऊक हाय. त्यातली एक पोरीच्या लग्नाची हाय, ती सहजी फिटायची न्हाई. उचल दोन हंगामांत वाटून घेणार का, हे त्यांना विचारा. मी मधी बोलतो.

जतची_लेक

काका, दोन हंगामांत वाटली तर पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर बांधले जातील ना ते? माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. वाटायची असेल तर कागदावर लिहा, आकडा आणि फेडल्याची नोंद, एक प्रत त्यांच्याकडं. आणि त्यांना वाटलं तर दुसरीकडं जाऊन तिथून पैसे पाठवून फेडता येतील, हेही लिहा.

कृष्णाकाठ

मुकादम, रविवारी बाजाराच्या आधी या. दोन्ही जोड्यांना बोलावतो, बायकांनाही. कागद ताई म्हणतात तसा लिहू. तिसरी भट्टी मंगळवारी विझेल.